बेरीज की सरासरी : ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या लोकसंख्या-जाळ्याचा हिशेब

लोकसंख्येच्या बारीक विणीच्या जाळ्याचे जाड विणीच्या जाळ्यात रूपांतर करताना प्रत्येक मोठ्या चौकोनासाठी त्यातील लहान चौकोनांची सरासरी घ्यावी, असे मत शहरांचे नकाशे आणि आराखडे तयार करणाऱ्यांमध्ये आढळते. सरासरी तटस्थ असते, एखाद्या चौकोनातील अवास्तव मोठ्या आकड्याला ती आवर घालते, बेरीज घेतली तर आकडे विनाकारण फुगतात, आणि एकूण लोकसंख्या हवीच असेल तर सरासरीला चौकोनांच्या संख्येने गुणून किंवा शेवटी जनगणनेच्या आकड्याशी मेळ घालून ती परत मिळवता येते, अशी या मताची बाजू मांडली जाते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महानगरपालिकांच्या भूभागावर हे मत तपासून पाहिले असता ते टिकत नाही. शेवटचा मुद्दा, म्हणजे नंतर मेळ घालता येतो हा, सर्वांत निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात सर्वाधिक नुकसान त्यानेच होते, कारण त्याने चूक दुरुस्त होत नाही, फक्त दिसेनाशी होते.

आधी वस्तू नेमकी काय आहे ते पाहू. रास्टर म्हणजे जमिनीवर कल्पनेने अंथरलेले चौकोनी जाळे, ज्यातील प्रत्येक चौकोनाला एक आकडा दिलेला असतो. लोकसंख्येच्या रास्टरमध्ये तो आकडा म्हणजे त्या चौकोनात राहणाऱ्या माणसांचा अंदाज. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या ‘वर्ल्डपॉप’ या प्रकल्पाची रास्टरे भारतात मोठ्या प्रमाणावर वापरली जातात आणि त्यांतील बारीक जाळे अक्षांश-रेखांशाच्या तीन सेकंदांचे असते. एका अंशाचे तीन हजार सहाशे सेकंद होतात, म्हणून एका अंशाच्या लांबीत असे बाराशे चौकोन बसतात. बोलताना या चौकोनाला शंभर मीटरचा चौकोन म्हणतात, पण ते विषुववृत्ताजवळही पुरते खरे नाही आणि ठाण्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९.२ अंश उत्तरेस, तर नाहीच. तिथे तो दक्षिणोत्तर सुमारे ९२ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ८८ मीटर भरतो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ एक हेक्टर नसून ०.८१ हेक्टर असते. हा फरक पुढे दोन ठिकाणी कामी येणार आहे.

अशा चौकोनांत माणसे येतात कुठून, हेही समजून घेतले पाहिजे, कारण सरासरीच्या बाजूने बोलणारे त्याकडेच दुर्लक्ष करतात. चौकोनाचौकोनात जाऊन कोणी शिरगणती केलेली नसते. जनगणनेने एका प्रशासकीय घटकासाठी दिलेला एकूण आकडा घेतला जातो आणि बांधकाम, रस्ते, रात्रीचा उजेड, उतार, पाण्यापासूनचे अंतर अशा खुणांवरून ठरवलेल्या वजनांनुसार तो त्या घटकातील चौकोनांमध्ये वाटला जातो. वाटप कितीही अंदाजी असले तरी एक अट पाळलेली असते : त्या घटकातील सर्व चौकोनांचे आकडे मिळवले की मूळ आकडा परत आला पाहिजे. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लर यांनी १९७९ मध्ये लोकसंख्येचे आकडे नकाशावर गुळगुळीत पसरवण्याची पद्धत मांडली, तेव्हा पसरवताना प्रत्येक प्रदेशातील एकूण रक्कम कायम राहिली पाहिजे, ही अट त्यांनी पद्धतीच्या गाभ्यातच ठेवली होती. बारीक रास्टर तयार करणाऱ्यांनी जी अट जपण्यासाठी एवढा खटाटोप केलेला असतो, ती जाळे जाड करणाऱ्याने एका निष्काळजी निवडीने मोडावी, याला तटस्थता म्हणता येत नाही.

बेरीज की सरासरी, या प्रश्नाचे उत्तर आवडीवर किंवा परंपरेवर अवलंबून नाही. चौकोनातील आकडा कोणत्या जातीचा आहे यावर ते अवलंबून आहे. काही आकडे राशी असतात : माणसे, घरे, पोत्यांची संख्या, विहिरीतील पाणी. दोन खोल्या एक केल्या तर त्यांतील माणसांची बेरीज होते. दुसरे आकडे दर असतात : तापमान, उंची, चौरस किलोमीटरमागे माणसे. अठ्ठावीस अंश तापमानाच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडल्यास खोली छप्पन्न अंशांची होत नाही. म्हणून राशीची बेरीज घ्यावी आणि दराची, क्षेत्रफळाचे वजन देऊन, सरासरी घ्यावी. लोकसंख्येच्या बाबतीत घोटाळा होतो तो अशासाठी, की एकाच नावाखाली दोन्ही जातींची रास्टरे उपलब्ध असतात. कोलंबिया विद्यापीठातील ‘सिएसिन’ या केंद्राने तयार केलेल्या जागतिक लोकसंख्या-जाळ्यात माणसांची संख्या आणि माणसांची घनता अशी दोन वेगळी रास्टरे मिळतात, आणि फाइलचे नाव नीट न वाचणाऱ्याला दोन्ही लोकसंख्याच वाटतात. ‘बेरीज घेतली की आकडे फुगतात’ ही तक्रार बहुधा घनतेच्या रास्टरवर बेरीज चालवणाऱ्यांच्या अनुभवातून आलेली असावी, आणि त्या ठिकाणी ती रास्तच आहे. संख्येच्या रास्टरला मात्र ती लागू होत नाही. दहा बाय दहा लहान चौकोन मिळून एक मोठा चौकोन झाला, तर त्यात शंभर चौकोनांची माणसे असायलाच हवीत. आकडा शंभरपट झाला तर तो फुगला नाही, जागा शंभरपट झाली.

आता प्रतिपक्षाच्या मुख्य युक्तिवादाकडे वळता येईल. सरासरी म्हणजे बेरीज भागिले शंभर, तेव्हा सरासरीला शंभराने गुणले की बेरीज परत येते, मग वाद कशाचा, असे विचारले जाते. हे गणित तेव्हाच बरोबर असते जेव्हा शंभरच्या शंभर चौकोनांत आकडा असतो. ठाणे परिसरात हे क्वचितच घडते, कारण या शहराचा आकारच तसा आहे. पश्चिमेला येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, पूर्वेला खाडी आणि खारफुटी आहे, आणि कळव्यापासून मुंब्र्यापर्यंत पारसिकचा डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वस्ती, रेल्वे आणि रस्ता दाटीने बसलेले आहेत. वर्ल्डपॉपच्या ज्या रास्टरांमध्ये फक्त बांधकाम असलेल्या चौकोनांतच माणसे ठेवलेली असतात, त्यांत डोंगर, जंगल आणि खाडीचे चौकोन शून्य नसतात. ते रिकामे असतात, म्हणजे तिथे ‘आकडा नाही’ अशी खूण असते. या खुणेला तंत्रभाषेत नो-डेटा म्हणतात. बहुतेक प्रणाली सरासरी काढताना नो-डेटाचे चौकोन वगळतात, म्हणजे भागाकार शंभराने न होता जितक्या चौकोनांत आकडा आहे तितक्यानेच होतो.

याचा परिणाम दोन मोठ्या चौकोनांवर प्रत्यक्ष करून पाहता येतो. पुढील आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत, मोजलेले नाहीत. मांडणी मात्र या शहरात जागोजाग आढळणारी आहे. पहिला मोठा चौकोन नौपाड्यासारखा सलग वस्तीचा धरू. त्यातील शंभरही लहान चौकोनांत वस्ती आहे आणि प्रत्येकात २०० माणसे आहेत, म्हणजे एकूण २०,०००. दुसरा मुंब्र्यासारखा धरू. त्यात डोंगर आणि खाडी मिळून ६५ लहान चौकोन रिकामे आहेत आणि उरलेल्या ३५ चौकोनांत प्रत्येकी ५०० माणसे आहेत, म्हणजे एकूण १७,५००. बेरजेने दोन्ही मोठ्या चौकोनांची मिळून लोकसंख्या ३७,५०० येते आणि ती खरी आहे. सरासरीने पहिल्या चौकोनाला २०० आणि दुसऱ्याला ५०० हे आकडे मिळतात. त्यांना शंभराने गुणले की २०,००० आणि ५०,००० होतात. मुंब्र्याच्या चौकोनात साडेसतरा हजारांची पन्नास हजार माणसे झाली. जी ६५ ठिकाणे डोंगर आणि पाणी होती, त्या प्रत्येक ठिकाणी गुणाकाराने ५०० माणसे बसवली.

इथे प्रतिपक्षाचा दुसरा बचाव पुढे येतो : एकूण आकडा ७०,००० आला, पण खरा ३७,५०० आहे हे जनगणनेवरून माहीत आहे, तेव्हा सर्व चौकोनांना त्या प्रमाणात खाली आणले की प्रश्न मिटतो. तसे करून पाहावे. ३७,५०० भागिले ७०,००० म्हणजे सुमारे ०.५३६. या गुणकाने पहिला चौकोन १०,७१४ वर येतो आणि दुसरा २६,७८६ वर. दोहोंची बेरीज बरोबर ३७,५०० होते. जो परीक्षक केवळ एकूण आकडा पाहील तो समाधानाने सही करील. पण नौपाड्याच्या चौकोनातील ९,२८६ माणसे नकाशावर उचलून मुंब्र्याच्या चौकोनात नेली गेली आहेत. सलग वस्तीचा भाग निम्म्यावर आला आहे आणि डोंगर-खाडीच्या कडेचा भाग दीडपट झाला आहे. मेळ घालण्यापूर्वी चूक किमान उघड होती, कारण एकूण आकडा जुळत नव्हता. मेळ घातल्यावर ती पकडण्याचे एकमेव सोपे साधनही गेले. या नकाशावरून कोणी दवाखान्याची जागा, लसींचे वाटप किंवा पुराच्या वेळी लागणारी अन्नाची पाकिटे ठरवणार असेल, तर नौपाड्यात निम्मीच पाकिटे पोचतील आणि कागदावर सगळे हिशेब जुळलेले असतील.

एकूण आकडा कायम राहणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही, ही गोष्ट म्हणून ठासून सांगावी लागते. प्रत्येक मोठ्या चौकोनाची रक्कम त्याच्या पोटातील लहान चौकोनांच्या रकमेइतकी असली पाहिजे. ही अट चौकोनाचौकोनाला पाळली की एकूण आकडा आपोआप कायम राहतो. उलट दिशेने हे खरे नाही.

अनुभवी माणसांचीही या बाबतीत फसगत का होते, याचे एक कारण सांगण्यासारखे आहे. वर्ल्डपॉपचीच दुसऱ्या प्रकारची रास्टरे अशी आहेत, की त्यांत बांधकामाची सक्ती नसते आणि जमिनीवरच्या जवळजवळ प्रत्येक चौकोनाला, जंगलातल्यासुद्धा, थोडी तरी माणसे दिलेली असतात. त्या रास्टरात येऊरच्या चौकोनांत लहान का होईना आकडे असतात, त्यामुळे भागाकार शंभराने होतो आणि सरासरी गुणिले शंभर हे उत्तर बेरजेच्या जवळ येते. ज्याने एकदा त्या रास्टरवर हा मार्ग वापरला आणि आकडे जुळलेले पाहिले, तो पुढच्या वेळी बांधकामापुरत्या मर्यादित रास्टरवरही तोच वापरतो. पद्धत तीच असते, रास्टर बदललेले असते, आणि चूक किती झाली हे त्या चौकोनात पाणी किती आहे यावर ठरते. ज्या पद्धतीचे यश खाडीच्या रुंदीवर अवलंबून आहे, ती पद्धत विश्वसनीय मानता येत नाही. नो-डेटाला आधी शून्य करून मग सरासरी घेतली आणि शंभराने गुणले तर उत्तर बरोबर येते, हे मान्य आहे. पण ती आडमार्गाने काढलेली बेरीजच होय, आणि मग सरळ बेरीज न घेण्याचे कारण उरत नाही.

बेरजेलाही एक सावधगिरी लागते आणि ती लपवून ठेवणे योग्य नाही. वर्ल्डपॉपच्या फाइलमध्ये नो-डेटाची खूण म्हणून -९९९९९ हा आकडा लिहिलेला असतो. ही खूण प्रणालीला सांगितलेली नसेल किंवा फाइल हाताळताना पुसली गेली असेल, तर एकच रिकामा चौकोन मोठ्या चौकोनाच्या बेरजेतून जवळजवळ एक लाख माणसे वजा करतो. सुदैवाने ही चूक ओरडून सांगते, कारण लोकसंख्या उणे दिसते. याशिवाय बेरजेत वगळलेला चौकोन शून्यासारखाच वागतो, तेव्हा रिकामेपणाचा अर्थ ‘इथे वस्ती नाही’ असा आहे की ‘इथली माहिती मिळाली नाही’ असा, हे फाइलसोबतच्या टिपणात वाचून घेतले पाहिजे. खाडीच्या बाबतीत पहिला अर्थ बरोबर आहे. माहिती गहाळ असलेल्या प्रभागाच्या बाबतीत शून्य धरणे म्हणजे त्या प्रभागातील माणसे पुसणे होय, आणि तिथे बेरीजही मदत करू शकत नाही.

सरासरीचा प्रसार मतामुळे जेवढा झाला, त्याहून अधिक तो प्रणालींच्या ठरलेल्या सवयीमुळे झाला आहे. ‘आर’ या भाषेतील ‘टेरा’ संचात जाळे जाड करण्याची आज्ञा काहीही न सांगता दिली, तर सरासरीच काढली जाते. त्यामुळे बेरीज आणि नो-डेटा वगळण्याची सूचना, दोन्ही स्पष्ट लिहाव्या लागतात, आणि लगेच पुढच्या दोन ओळींत दोन्ही जाळ्यांची एकूण रक्कम काढून ताडून पाहावी लागते :

```
library(terra)
f <- rast("thane_kdmc_100m.tif")
s <- aggregate(f, fact=10, fun="sum", na.rm=TRUE)
global(f, "sum", na.rm=TRUE)
global(s, "sum", na.rm=TRUE)
```

शेवटच्या दोन ओळींची उत्तरे दशांशातील किरकोळ फरक सोडता सारखी आली पाहिजेत. ती शंभरपटीने वेगळी आली तर सरासरी घेतली गेली आहे. फरक त्याहून विचित्र, म्हणजे साठ-सत्तरपटीचा आला, तर सरासरी घेतली गेली आहे आणि शिवाय बरेच चौकोन रिकामे आहेत.

जाळे जाड करण्याआधीच, नकाशाची मांडणी बदलताना, आणखी एक गळती होते आणि तिची चर्चा सहसा होत नाही. अभियंत्यांना अंश-सेकंदांपेक्षा मीटरमधले जाळे सोयीचे वाटते, म्हणून ठाणे जिल्ह्यासाठी यूटीएम पद्धतीच्या ४३ व्या उत्तर पट्ट्यात रास्टर बदलून घेतले जाते आणि नवे चौकोन नेमके शंभर मीटरचे ठेवले जातात. या बदलात नव्या चौकोनाला जवळच्या जुन्या चौकोनाचा आकडा, किंवा आसपासच्या चार चौकोनांमधून काढलेला मधला आकडा दिला जातो. परंतु जुना चौकोन ०.८१ हेक्टरचा होता आणि नवा एक हेक्टरचा आहे. ०.८१ हेक्टरमधील माणसे एक हेक्टरमध्ये पसरवली आणि चौकोनांची संख्या त्या प्रमाणात घटली, म्हणजे सुमारे १९ टक्के माणसे नाहीशी झाली. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या १८,४१,४८८ आणि कल्याण-डोंबिवलीची १२,४७,३२७ होती. या आकड्यांशी नेमके जुळवलेले रास्टर अशा रीतीने मीटरच्या जाळ्यात नेले, तर ठाण्याची बेरीज १४ लाख ८९ हजारांच्या आणि कल्याण-डोंबिवलीची १० लाख ८ हजारांच्या आसपास येते. दोन शहरांतून मिळून सुमारे पाच लाख नव्वद हजार माणसे कमी होतात, म्हणजे २०११ च्या उल्हासनगर महानगरपालिकेच्या ५,०६,०९८ या लोकसंख्येपेक्षाही जास्त. नकाशा मात्र डोळ्यांना पूर्वीसारखाच दिसतो, कारण दाट भाग दाट आणि विरळ भाग विरळच राहतो.

यावर उपाय दोन आहेत. एक म्हणजे प्रत्येक चौकोनाच्या संख्येला त्याच्या खऱ्या क्षेत्रफळाने भागून आधी घनता काढावी, घनता हा दर असल्यामुळे तिची मांडणी निर्धास्तपणे बदलावी आणि शेवटी नव्या क्षेत्रफळाने गुणून पुन्हा माणसे मिळवावीत. दुसरा म्हणजे जुन्या चौकोनाचा जेवढा हिस्सा नव्या चौकोनात पडतो तेवढ्याच हिश्श्याची माणसे नव्याला देणारी बेरीज वापरावी. ‘जीडाल’ या संचात ही सोय ३.१ या आवृत्तीपासून आहे :

```
gdalwarp -t_srs EPSG:32643 -tr 1000 1000 -tap -r sum -srcnodata -99999 thane_kdmc_100m.tif thane_kdmc_1km.tif
```

या आज्ञेत मांडणी बदलणे आणि जाळे जाड करणे एकाच वेळी होते, म्हणून मधल्या टप्प्यावरची गळती टळते. सरासरीची आज्ञा याच ठिकाणी दिली तर सुमारे सव्वाशेपट घटही होते आणि नो-डेटाचा दोषही येतो. दोन चुका एकमेकींत मिसळल्यावर नंतर कोणता गुणक लावून त्या वेगळ्या कराव्यात, हे कोणालाच सांगता येणार नाही.

सरासरीच्या बाजूने एक मुद्दा खरोखर बळकट आहे आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय हा प्रतिवाद अपुरा राहील. जाड जाळ्याच्या कडेवरचे चौकोन अनेकदा अर्धवट असतात. शहराच्या हद्दीने कापलेल्या चौकोनात शंभराऐवजी तीसच लहान चौकोन उरतात. त्यांची बेरीज साहजिकच कमी येते आणि रंगीत नकाशात शहराची कड विरळ वस्तीची असल्यासारखी दिसते. उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे चौकोनही अंश-सेकंदांच्या जाळ्यात क्षेत्रफळाने सारखे नसतात. चौकोनाचौकोनाची तुलना करायची तर बेरीज दिशाभूल करते, असे म्हटले जाते, आणि ते खरे आहे. पण तुलनेसाठी लागते ती घनता, आणि घनता म्हणजे माणसांची बेरीज भागिले जमिनीचे क्षेत्रफळ. आकडा असलेल्या चौकोनांची सरासरी म्हणजे वस्तीपुरती दाटी होय. तिचाही उपयोग आहे, मुंब्र्याच्या पट्टीत माणसे किती कोंडलेली आहेत हे तीच सांगते, पण तिला लोकसंख्या म्हणून छापता येत नाही. घनता काढताना भाजक कोणता घेतला हेही लिहिले पाहिजे. दहा बाय दहा चौकोनांचा तथाकथित एक किलोमीटरचा गट ठाण्यात ०.८१ चौरस किलोमीटरचा असतो. त्यातील २०,००० माणसांना एकने भागणारा २०,००० अशी घनता सांगतो आणि खऱ्या क्षेत्रफळाने भागणारा सुमारे २४,७०० सांगतो.

जाळे जितके जाड, तितका या निवडीचा परिणाम मोठा. भारतीय हवामान विभागाचे पावसाचे दैनिक जाळे पाव अंशाचे आहे, आणि पावसाची नोंद लोकसंख्येशी जोडायची म्हणजे लोकसंख्याही त्याच जाळ्यात आणावी लागते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीच्या काठी कल्याण परिसराने जे सोसले, त्यानंतर असा अभ्यास अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. पाव अंशात तीन सेकंदांचे तीनशे चौकोन बसतात, म्हणजे पावसाच्या एका चौकोनात लोकसंख्येचे नव्वद हजार चौकोन येतात. समजा त्या सर्वांत मिळून पन्नास लाख माणसे आहेत आणि एकही चौकोन रिकामा नाही. सरासरीने त्या चौकोनाला ५६ हा आकडा मिळेल. छप्पन्न हा आकडा चुकीचा दिसत नाही, उणे नाही, अवाढव्य नाही, म्हणूनच तो पुढच्या तक्त्यात सहज जातो. बेरजेने ५०,००,००० येतात आणि पाहणारा निदान थांबून विचार करतो.

याच चौकोनाची एक कड कुठून जाते, हेही जवळून पाहण्यासारखे आहे. या जाळ्यातील ज्या चौकोनाचे केंद्र १९.२५ अंश उत्तर आणि ७३ अंश पूर्व येथे आहे, त्याची पूर्वेकडची सीमा ७३.१२५ रेखांशावर पडते. ठाणे आणि डोंबिवली या सीमेच्या पश्चिमेला येतात. कल्याण शहरातून ती आरपार जाते आणि कल्याण जंक्शन तिच्या किंचित पूर्वेला राहते. म्हणजे एकाच महानगरपालिकेची माणसे पावसाच्या दोन चौकोनांत विभागली जातात. बारीक रास्टरची बेरीज, प्रत्येक लहान चौकोनाचा हिस्सा मोजून, घेतली तर ही विभागणी बरोबर होते आणि दोन्हींची मिळून रक्कम कायम राहते. आधी जाळे जाड करून मग ‘ज्याचे केंद्र शहरात ते चौकोन शहराचे’ असा नियम लावला, तर एका चौकोनातील मुलुंड, ऐरोली आणि भिवंडीची माणसेही शहराच्या खात्यावर येतील किंवा अर्धे कल्याण खात्यातून जाईल. शहराची, प्रभागाची किंवा पूररेषेतील लोकसंख्या हवी असेल तर ती नेहमी बारीक रास्टरवरूनच काढावी; जाड जाळे एकूण रक्कम जपते, पण त्याच्या चौकोनाहून लहान आकाराच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

ताळा करताना जनगणनेचा कोणता आकडा घ्यायचा, यातही चूक होते. कल्याण-डोंबिवलीचा १२,४७,३२७ हा आकडा २०११ च्या हद्दीचा आहे. २०१५ मध्ये सत्तावीस गावे पालिकेत घेतली गेली आणि त्यानंतरही त्यांतील काही गावांवरून हद्दीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. नव्या हद्दीने कापलेल्या रास्टरची बेरीज जुन्या आकड्याशी जुळत नाही म्हणून गुणक लावणारा माणूस त्या गावांतील रहिवासी शहरातल्या शहरात विरघळवून टाकतो. ताळा घ्यायचा तो बारीक रास्टर आणि जाड रास्टर यांच्यात, एकाच हद्दीसाठी. जनगणनेशी बारीक रास्टर जुळते की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर जाळे जाड करण्यापूर्वी द्यायचे असते.

म्हणून ठाणे, कल्याण-डोंबिवली किंवा अन्य कोणत्याही शहरासाठी जाड विणीचा लोकसंख्येचा नकाशा सादर करणाऱ्याकडून चार गोष्टी मागाव्यात : मूळ रास्टर संख्येचे होते की घनतेचे, बारीक जाळ्याची एकूण रक्कम किती, जाड जाळ्याची एकूण रक्कम किती, आणि प्रत्येक मोठ्या चौकोनात आकडा असलेले लहान चौकोन किती होते. दोन रकमा शेवटी गुणक लावून जुळवल्या असतील, तर तो नकाशा परत पाठवावा आणि बेरजेने नव्याने करून मागवावा.